झिणझिण आणि सणकन : एका हाताच्या दोन तक्रारी

केस पेपरवर एकच ओळ होती : उजवा हात दुखतो, आठ महिने, मुंग्या. खाली आधीच्या एका दवाखान्याचा मानेचा एक्स-रे जोडलेला आणि गोळ्यांची यादी. बाई पन्नाशीच्या पुढच्या, सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या, लग्नाच्या आधीपासून विड्या वळणाऱ्या. घरात तेलुगू, बाहेर मराठी. सोबत सून.

ही नोंद मी ठेवली ती भाषेच्या बाजूने. माझं काम व्याकरण शिकवण्याचं. ओपीडी माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंची. दुखण्याच्या शब्दांचा एक तक्ता करायचा म्हणून त्यांनी मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं होतं. बाईंची परवानगी घेतली होती. त्यांची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत किंवा बदलले आहेत, शब्द मात्र त्यांचेच ठेवले आहेत.

डॉक्टर नेहमीसारखं म्हणाल्या, "बोला अक्का, काय होतंय?"

"हात दुखतंय बगा म्याडम."

"दुखतंय म्हणजे कसं?"

इथे बहुतेक ओपीड्यांत काय होतं ते सांगायला हवं. पेशंट क्षणभर गप्प राहतो, मग डॉक्टरच दोन-तीन शब्द पुढे करतात. मुंग्या येतात का, आग होते का, टोचतं का? पेशंट त्यातल्या एकाला मान हलवतो आणि तो शब्द कागदावर जातो. आधीच्या कागदावरच्या "मुंग्या" बहुधा अशाच आल्या असाव्यात. या डॉक्टर तसं करत नाहीत. त्या थांबल्या. बाईंनी सुनेकडे बघून तेलुगूत "तिम्मिरि" असं काहीसं म्हटलं. सुनेने त्याचं "मुंग्या" करून दिलं, आणि बाईंना ते पटलं नाही. त्यांनी उजवा हात वर धरला, अंगठा आणि शेजारची दोन बोटं सैल सोडून भुरभुर हलवली आणि म्हणाल्या, "रात्री झिणझिण झिणझिण करतंय. झोप उडतंय. मग असं झटकलं की जरा बरं." करंगळी त्या सगळ्या वेळात स्थिर होती. मला वाटतं ते त्यांना स्वतःलाही कळलं नसावं.

मग, कुणी काही न विचारता, त्याच दमात : "आन् काम करताना इथनं सणकन येतंय." हे म्हणताना हाताची हालचाल पार वेगळी. डाव्या हाताच्या तर्जनीने मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेपासून अंगठ्यापर्यंत एकच रेघ ओढली, झटक्यात, आणि हात थांबला.

दोन शब्द, दोन हालचाली. कागदावर तोवर एकच दुखणं होतं.

आपल्याकडे शाळेत हे शब्द "अभ्यस्त शब्द" या धड्यात येतात. पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक असे तीन प्रकार पाठ करून घेतात, आणि अनुकरणवाचकाची व्याख्या देतात की ज्यात एखाद्या ध्वनीचं अनुकरण केलेलं असतं तो. कडकडाट, किलबिल, खळखळ यांना ही व्याख्या चालते. पण झिणझिणीला आवाज कुठला? हात झिणझिणताना कानाला काहीही ऐकू येत नाही. लखलख तर दिसण्याची गोष्ट. गुळगुळीत हाताला कळतं. हुरहुर, रुखरुख, चुटपुट यांना तर जागासुद्धा नाही, ती कुठेतरी आत होते. व्याख्या ध्वनीची आणि निम्मे शब्द ध्वनीबाहेरचे, अशी ही गंमत आहे.

भाषाशास्त्रात अशा शब्दांना आयडिओफोन म्हणतात. ही संज्ञा सी. एम. डोक यांनी १९३५ साली आफ्रिकेतल्या बांटू भाषांचं वर्णन करताना रूढ केली. अलीकडे मार्क डिंगमान्से यांनी वेगवेगळ्या भाषांतले असे शब्द शेजारी ठेवून एक उतरंड मांडली : आधी आवाज, मग हालचाल, मग दिसण्यातले नमुने, मग स्पर्श-चव-वेदना अशा इतर जाणिवा आणि सगळ्यात शेवटी मनाच्या अवस्था. ज्या भाषेत उतरंडीच्या खालच्या पायरीचे शब्द आहेत तिच्यात वरच्या पायऱ्यांचेही असतात, उलट मात्र होईलच असं नाही. कित्येक भाषा आवाजाच्या पायरीवरच थांबतात. मराठी शेवटपर्यंत उतरते. म्हणूनच दवाखान्यात ती इतकी कामाला येऊ शकते, आणि म्हणूनच "दुखतं" एवढ्यावर भागवणं हा तोटा आहे.

बाईंच्या दोन शब्दांकडे आता जरा जवळून बघू.

सणकन. मूळ तुकडा "सण". त्याला "कन" लागला की घटना एकदाच होते, अचानक होते आणि संपते. पटकन, टचकन, धाडकन, ठणकन, सगळ्यांचं तसंच. तोच तुकडा दुहेरी केला की सणसण, म्हणजे चालू राहणारं. "कान सणसणतोय" आणि "कानात सणकन कळ आली" यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. त्याला नाम हवं तर "सणक", विशेषण हवं तर "सणसणीत". एवढ्याशा तुकड्यातून भाषा जाणिवेचा काळ मोजते : एक फटका, की फटक्यांची रांग, की सलग.

दुखण्याच्या बाबतीत हा काळाचा मुद्दा किरकोळ नाही. मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदनेची जी प्रसिद्ध प्रश्नावली छापली, तिच्यात ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत, आणि त्यातला पहिलाच गट वेदना काळात कशी वागते याचा आहे : थरथरणारी, ठोके देणारी, घाव घालणारी वगैरे. इंग्रजीला त्यासाठी वेगवेगळे शब्द रांगेत उभे करावे लागले. मराठीत त्यातलं बरंचसं काम शेपूट बदलून होतं. आपल्याकडे अशा प्रश्नावल्यांची जी भाषांतरं पाहायला मिळतात ती बहुतेक शब्दाला शब्द ठेवणारी, "धडधडणारी वेदना" वगैरे. कुठल्याही सासूने कधी सुनेला "मला धडधडणारी वेदना होतेय" असं सांगितलेलं नाही. ठणकतंय, ठसठसतंय, एवढं म्हटलं की काम झालं.

आता झिणझिण. इथे मला जे सापडलं ते आधी लक्षात आलं नव्हतं असं नाही, पण दवाखान्यात बसल्यावर त्याला धार आली. "झिणकन" असा शब्द बोलण्यात नाही. म्हणून बघा : "हात झिणकन झाला." जीभ अडते. झिणझिण ही जाणीव एकदा येऊन जात नाही, ती येते तीच बारीक बारीक ठिपक्यांची गर्दी होऊन. म्हणून शब्द दुहेरीच राहिला, आणि नाम केलं तरी आपण "झिणझिण्या आल्या" असं अनेकवचनातच बोलतो. मळमळ, खवखव, हुळहुळ यांचंही तेच. मळकन नाही, खवकन नाही, हुळकन नाही. उलट सण, ठण, टच, चर्र यांना एकेरी रूप खुशाल चालतं. मी विद्यार्थ्यांना आता ही "कन"ची कसोटी लावायला सांगतो. ज्याला "कन" लागतं ती जाणीव झटका म्हणून येऊ शकते, ज्याला लागत नाही ती पसरून राहणारी.

कसोटीला अपवाद सापडतात, आणि एक मोठी सावधगिरी आहेच. जळजळ या शब्दालाही "कन" लागत नाही, पण त्याचं कारण वेगळं. तो "जळणे" या सरळ धातूचा दुहेरी प्रयोग आहे, पूर्णाभ्यस्तातला. त्याच्या आवाजात आग शोधायला गेलं तर आपण आपल्यालाच फसवू. शब्द दुहेरी आहे म्हणून तो आयडिओफोन होत नाही. "सण" किंवा "झिण" एकटे उभे राहिले तर त्यांना स्वतंत्र अर्थ नाही (सणवाराचा सण वेगळा), "जळ"ला आहे. ही पहिली गाळणी आधी लावायची आणि मगच पुढचं बोलायचं.

आणि आवाजाचं काय? "झिण" हा आवाज त्या जाणिवेला खरंच शोभतो की आपल्याला सवयीने तसं वाटतं?

थोडं खरं, थोडं सवयीचं. स्वर बदलून बघा. झिणझिण आणि झणझण. दोन्ही एकाच घराण्यातले, पण झिणझिण बारीक आणि झणझण दांडगा. आपल्याकडचा रस्सा झणझणीत असतो, तो झिणझिणीत म्हटला तर हॉटेलवाला उठवून लावेल. किणकिण आणि खणखण, चिवचिव आणि कावकाव, सगळीकडे "इ" लहान, पातळ, उंच आणि "अ"-"आ" मोठा, जाड. एडवर्ड सपीर यांनी १९२९ साली इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना "मिल" आणि "माल" असे दोन निरर्थक शब्द देऊन विचारलं होतं की यातलं लहान टेबल कुठलं आणि मोठं कुठलं, तेव्हा बहुतेकांनी "माल"ला मोठं ठरवलं. "इ" म्हणताना तोंडातली पोकळी आक्रसते आणि आवाजाचा वरचा पट्टा चढतो, "आ" म्हणताना जबडा खाली येतो. लहान वस्तू पातळ आवाज करतात, हा अनुभव तर सगळ्यांचाच आहे. एवढ्यापुरतं शरीर आणि शब्द यांचं नातं मानायला हरकत नाही.

व्यंजनांत मराठीपुरती एक घरगुती व्यवस्था दिसते. "ण"ने संपणारे तुकडे घ्या : झणझण, सणसण, ठणठण, खणखण, भणभण, तापाने फणफणणं. सगळ्यांत एक गुंजत राहणारं काहीतरी आहे, कारण "ण" हा अनुनासिक आहे आणि तो लांबवता येतो. "ट"ने संपणारे तुकडे मात्र तिथल्या तिथे तुटतात : खटखट, पटपट, चटकन. "र"वाले दाणेदार, बारीक खरवडीचे : चुरचुर, चरचर, खरखर. "ळ"वाले ढवळणारे, वाहणारे : मळमळ, खळखळ, वळवळ. हे नियम नव्हेत, कल आहेत. पण हे कल इतके मुरलेले आहेत की एखाद्या पोराने नवीन शब्द बनवला तरी तो यांच्यातूनच बनतो.

बाईंचा तिसरा शब्द "र"वाल्या घराण्यातला होता. डॉक्टरांनी बोटं उलटसुलट करून पाहिली तेव्हा त्या म्हणाल्या, "तिथं नुसतं चुरचुरतंय, त्याचं काय नाय." पेऱ्यांवर बारीक भेगा होत्या. तेंदूची पानं भिजवायची, कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, तोंडं दुमडायची. ओली पानं आणि तंबाखू यांत बोटं दिवसभर. भेगांवर ते चुरचुरणारच. त्यांनी स्वतःच तो भाग बाजूला केला आणि तो बरोबर बाजूला केला. पुढे मात्र एक मजा झाली. सून म्हणाली, "चुर्र म्हणतंय की ओ, तसं." म्हणतंय! बोट बोलतंय थोडंच. पण तेलुगूत "चुर्रुमंटोंदि" असंच म्हणतात. तिथे असा शब्द आला की त्यामागे "म्हणणे" हे क्रियापद लागतं. मराठीत त्या जागी करणे किंवा होणे : झिणझिण करतंय, धस्स झालं. सुनेचं वाक्य मराठी होतं, सांधा तेलुगू होता.

सोलापुरात याचं कुणाला नवल वाटत नाही, कारण इथे एका वाड्यात तीन भाषा नांदतात. कन्नडमध्येही "चुरुचुरु" आहेच. तेलुगू-कन्नड द्राविडी, मराठी आर्य कुळातली, तरी हा साचा सगळीकडे सारखा. मरे एमेनो यांनी १९६९ साली नेमक्या याच शब्दांवर एक लेख लिहिला आणि दाखवलं की दुहेरी अनुकरणवाचक शब्द ही भारतातल्या वेगवेगळ्या कुळांच्या भाषांनी शेजारात राहून वाटून घेतलेली गोष्ट आहे. मराठीतली गडबड कन्नडमध्ये गडिबिडि होते, तेलुगूत गडबिड.

आता हाताकडे परत. शब्दांनी दोन तक्रारी वेगळ्या केल्या, पण त्या कशाच्या हे शब्द सांगत नाहीत. ते तपासून बघावं लागतं. डॉक्टरांनी झिणझिणीसाठी दोन्ही मनगटं खाली वाकवून पंजांच्या पाठी एकमेकींना टेकवायला लावल्या आणि घड्याळ लावलं. ही फेलनची चाचणी, साठ सेकंदांची. मिनिट पुरं व्हायच्या आत उजव्या अंगठ्यात, तर्जनीत आणि मधल्या बोटात झिणझिण सुरू झाली. करंगळीत नाही. मनगटाच्या बोगद्यातून जाणारी मीडियन नस अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्याच भागाला संवेदना पुरवते. करंगळीची नस वेगळी आहे आणि ती या बोगद्यातून जात नाही. बाईंनी बोटं भुरभुरवली तेव्हा करंगळी स्थिर का राहिली, त्याचं उत्तर हे. रात्री झोपेत मनगट दुमडलं जातं, बोगद्यातला दाब वाढतो, म्हणून झोप मोडते. हात झटकल्यावर बरं वाटणं ही तर या दुखण्याची जुनी ओळखखूण. दुखण्याचं नाव कार्पल टनेल सिंड्रोम.

सणकेसाठी दुसरी परीक्षा. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला हळूच वाकवलं. बाई "आई गं" करून उठल्याच. अंगठा ताणणारे आणि बाहेर नेणारे दोन स्नायुबंध मनगटाच्या त्या कडेला एका अरुंद म्यानातून सरकतात. ते म्यान जाड झालं की प्रत्येक ओढीला कळ. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द करव्हाँ यांनी १८९५ साली याचं वर्णन केलं, आणि दुखणं त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. विडी वळताना अंगठा दर वेळी तीच ओढ घेतो आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने असते, तेव्हा कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

एकाच मनगटात दोन वेगळी दुखणी, एक नसेचं आणि एक स्नायुबंधाचं. मानेच्या एक्स-रेत दोन्हींपैकी काहीच दिसणार नव्हतं. त्या वयात मान थोडीफार झिजलेली दिसतेच, आणि कागदावर "हात, मुंग्या" एवढंच असलं की बोट मानेकडे जातं.

इथे एक गैरसमज होऊ शकतो तो आधीच मोडून काढतो. "सणकन म्हणजे स्नायुबंध, झिणझिण म्हणजे नस" असा तक्ता भिंतीवर लावता येणार नाही. कमरेतली नस दबली की पायात जी सणक जाते ती नसेचीच असते आणि तिला लोक सणकनच म्हणतात. शब्द जाणिवेचा आकार सांगतो : किती लांब, किती बारीक, एकदा की परत परत. आकार कळला की पुढचा प्रश्न नेमका विचारता येतो. झिणझिणीला विचारायचं : कुठल्या बोटांत, कधी, झटकल्यावर काय होतं? सणकेला विचारायचं : काय केलं की येते? या केसमध्ये उपयोग एवढाच झाला आणि तो पुरेसा होता.

दुसरा धोका शब्द तोंडात घालण्याचा. तक्ता तयार झाला की डॉक्टर तो वाचून दाखवू लागतात आणि पेशंट सगळ्यालाच हो म्हणतो. मोठ्या माणसाला नाही कशाला म्हणायचं! यावर डॉक्टरांनी काढलेला उपाय मला आवडला. त्या मुद्दाम एक चुकीचा शब्द पुढे करतात. या बाईंना त्यांनी विचारलं, "म्हणजे रात्री हात ठणकतो?" बाई लगेच, जरा चिडूनच : "ठणकत नाय ओ, ठणकलं तर दाबून धरलं असतं. झिणझिण करतंय." नकार इतका तयार आला की शब्द त्यांचा स्वतःचा आहे याची खात्री पटली. दुसरी खूण म्हणजे हात. जपानी बोलताना असे शब्द येतात तेव्हा त्यांच्या नेमक्या सुरावर हाताची हालचाल होते, हे सोतारो किता यांनी १९९७ साली मांडलं होतं. आपल्याकडे वेगळं काही नाही. स्वतःचा शब्द बोलणाऱ्याचा हात शब्दाबरोबर हलतो. दुसऱ्याचा शब्द उचललेला माणूस हात मांडीवर ठेवूनच मान हलवतो.

तिसरा धोका सोलापुरात जास्त आहे, आणि शब्दांच्या आवाजावर फार विश्वास ठेवणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. त्याच आठवड्यात तेलुगू घरातली एक मुलगी आली. म्हणाली, गळ्यात गरगर होतंय. मराठीत गरगर म्हटलं की गोल फिरणं, डोकं गरगरणं, चक्कर. नवख्या कंपाउंडरने चक्कर लिहून बीपी मोजलं, ते ठीक निघालं. तेलुगूत घशाला "गरगर" म्हणजे खरखर, खवखव. गोल फिरण्याला तिथे "गिरगिर" आहे. तेलुगूतलं "तळतळ" चकचकीत भांड्याला लागतं, आपल्याकडे तळतळाट लागतो तो वेगळाच. तेच आवाज, तोच साचा, त्याच गावात, आणि अर्थ दोन.

याचं कारण असं की आवाज अर्थाकडे इशारा करतो, अर्थ पक्का करत नाही. डिंगमान्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली पाच दूरदूरच्या भाषांतले असे शब्द डच लोकांना ऐकवले आणि दोन अर्थांतला बरोबर अर्थ निवडायला सांगितला. नुसत्या अंदाजाने जेवढं जमलं असतं त्याहून थोडं बरं जमलं. आवाजाचे शब्द जास्त ओळखले गेले, बाकीच्या जाणिवांचे कमी. म्हणजे कुणा डच माणसाला कडकड कळेलही, झिणझिणीचा मात्र पत्ता लागेलच असं नाही. तिला मराठी घरात वाढावं लागतं. आपल्याला ती इतकी "नैसर्गिक" वाटते त्यात आवाजाचा वाटा आहे, आणि लहानपणी मांडी घालून बसल्यावर पाय बधिरला तेव्हा आई जे म्हणाली त्याचाही आहे. घराण्यातल्या घराण्यातही अर्थ कसा पळतो बघायचं तर ठण घ्या. ठणका लागला की माणूस आजारी, आणि ठणठणीत झाला की बरा. न फुटलेलं मडकं ठणठण वाजतं, तिथून ते आलं असावं असं मानायला जागा आहे. आवाज एक, टोकं दोन.

बाईंना रात्रीसाठी मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला, अंगठ्यासाठी वेगळा आधार दिला, साखर आणि थायरॉईड तपासायला सांगितलं, कारण दोन्हींमुळे नसेचं दुखणं बळावतं. नसेच्या वेगाची तपासणीही झाली आणि तिने मनगटातला अडथळा दाखवला. विड्या वळणं थांबवा असं सांगून उपयोग नव्हता. डॉक्टरांनी ते सांगितलं, बाई हसल्या.

काही आठवड्यांनी त्या परत आल्या तेव्हा मी होतो. झिणझिण पुष्कळ कमी, रात्री झोप लागते. "सणकन मात्र हाय तसंच." अंगठ्याचा आधार त्या काम करताना काढून ठेवत होत्या, तो घालून पान वळत नाही. डॉक्टरांनी म्यानात इंजेक्शन द्यायचं ठरवलं. दोन तक्रारी एकाच नावाखाली राहिल्या असत्या, तर "थोडा फरक आहे" एवढीच नोंद झाली असती. पट्टा लागू पडला आणि आधार पडला नाही, हे कुणाला दिसलं नसतं.

तक्त्यात आता तीन उभे रकाने आहेत : मराठी, तेलुगू, कन्नड. आडव्या ओळींना दुखण्याची नावं दिलेली नाहीत. तिथे नुसतं लिहिलंय : एकदाच, परत परत, सलग, बारीक, जाड, पसरणारं, एका जागी. पेशंटने जो शब्द स्वतःहून उच्चारला तो त्या-त्या चौकटीत भरायचा आणि बाजूला हाताने काय केलं ते लिहायचं. गरगरच्या चौकटीत कंपाउंडरने लाल पेनाने दोन बाण काढले आहेत, एक डोक्याकडे आणि एक घशाकडे. उर्दू बोलणाऱ्या पेशंटांसाठी चौथा रकाना आखायचा राहिलाय. त्यांच्याकडची झुनझुनी बहुधा आपल्या झिणझिणीशेजारीच बसेल, पण लिहिण्याआधी दोन-चार जणांचे हात बघावे लागतील.